सूर्यभान सरांच्या तीन दोऱ्या

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणी उभं नाही. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, एका पायानं लंगडं टेबल, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या तीन सुतळ्या. एक पांढरी, एक गेरूत बुडवून तांबडी केलेली, एक हळदीत भिजवून पिवळी. तिन्हींवर जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे, कोरी बाजू पुढे करून, बाभळीच्या काट्यांनी टोचलेले. वारा आला की सगळे एकदम फडफडतात. मग उजव्या बाजूनं एक उंच, वाळका, पन्नाशीला टेकलेला माणूस प्रवेश करतो. धोतर, कोट, हातात खडू. वर्गातली एकतीस डोकी उठतात.

हे सूर्यभान सर. नगरकडच्या कर्जतपासून सहा कोसांवरच्या गावात मराठीचे मास्तर. साल बहात्तर. पावसाळा संपला होता असं पंचांग म्हणत होतं. गावानं तो सुरू झालेलाच पाहिला नव्हता.

सरांचं सगळं आयुष्य त्या तीन दोऱ्यांवर टांगलेलं होतं म्हटलं तरी चालेल. पांढरीवर आणि, शिवाय, तसेच, त्याचप्रमाणे. तांबडीवर पण, परंतु, तरीही, मात्र, याउलट. पिवळीवर कारण, म्हणून, त्यामुळे, परिणामी. या शब्दांना ते सांधे म्हणत. माणूस हाडांनी उभा राहतो, चालतो मात्र सांध्यांनी, निबंधाचंही तसंच, असं ते दर जूनला सांगत आणि मग स्वतः चालून दाखवत. "शिवाय" म्हटलं की त्याच दिशेनं एक पाऊल पुढे. "परंतु" म्हटलं की टाच फिरवून तोंड उलट्या बाजूला. "त्यामुळे" म्हटलं की कुणीतरी पाठीत ढकलल्यासारखे दोन पावलं पुढे जात आणि मागे वळून विचारत, मला ढकललं कुणी? ज्यानं ढकललं ते वाक्य आधी असलंच पाहिजे. पोरं हसत. त्या हसण्यात शिकणं कधी होऊन जाई ते त्यांनाही कळत नसे.

एकदा कुणीतरी लिहिलं, "पाऊस पडला नाही. शिवाय विहिरी आटल्या." सरांनी त्याला उभं केलं आणि विहिरी कशानं आटल्या ते विचारलं. पाऊस नाही म्हणून, असं तो म्हणाला. मग पांढऱ्या दोरीवर कशाला गेलास, पिवळीवर जा, म्हणून त्यांनी त्याला खरोखरच चालवत पिवळ्या दोरीखाली नेलं आणि "त्यामुळे" हातात दिलं. दुसऱ्यानं लिहिलं, "बैल विकले त्यामुळे चारा पुरला नाही." त्याला तांबडीखाली नेऊन "तरीही" दिलं. बैल गेले की चारा पुरेल असं आपल्याला वाटतं, ते वाटणं जिथं मोडतं तिथं "तरीही" लागतो, असं ते म्हणाले. आणि "पण"बद्दल ते काय सांगत ते तर पोरांना पाठच होतं. "पण" म्हणजे ओझं बदलणं. त्याच्या अलीकडचं तुम्ही खाली ठेवता, पलीकडचं उचलता. वाचणाऱ्याच्या हातात शेवटी पलीकडचंच राहतं. म्हणून जपून वापरा.

असा माणूस. शिकवताना एवढी शुद्ध गंमत मी फार थोड्या रंगमंचांवर पाहिली आहे. आणि या माणसाच्या हातून जे झालं ते याच दोऱ्यांनी झालं.

त्या वर्गात शेवटच्या ओळीत चांगुणा बसे. भीमा आणि गीताबाईंची मुलगी. नवबौद्ध वस्तीतून अकरावीपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकपर्यंत पोचलेली पहिली. भीमानं सरांशी बोलणं करून ठेवलं होतं. पोरगी पास झाली तर नगरला अध्यापिका विद्यालयात घालायची, तिथं मुलींचं वसतिगृह आहे. नाही झाली तर मागण्या येतच होत्या. सरांनी शब्द दिला होता की मराठीची काळजी करू नका, ती माझ्याकडे.

दिवाळीच्या आधी त्यांनी "आमच्या गावचे पाणी" असा निबंध दिला. चांगुणाची वही त्यांनी घरी, ओसरीवर बसून वाचली. त्यात होतं, "टँकर येतो. आई उठते. मी उठते. हंडे उठत नाहीत. हंडे आम्ही उठवतो." पुढेही असंच. दोन पानांत एक सांधा नाही. सरांच्या पत्नी राहीबाई तांदूळ निवडत होत्या. काय वाचताय म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा सरांनी त्या ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या. राहीबाईंचे हात सुपातच थांबले. सर मात्र तांबडी पेन्सिल घेऊन बसले होते. त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये "त्याचप्रमाणे" घातलं, चौथीच्या पुढे "त्यामुळे". लिहिताना त्यांना वाटलं की आपण काहीतरी मोडतो आहोत. तरीही त्यांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चांगुणा वही घेऊन टेबलाशी आली.

"सर, हे वाचताना अडखळायला हुतं."

"सवय नाही म्हणून."

"दोऱ्यांबिगर लिव्हलं तर चालंल का? समजंल ना वाचणाऱ्याला?"

"मला समजेल. परीक्षेचा पेपर मी तपासणार नाही, चांगुणा. कुठला कोण तपासणारा, एका दिवसात शंभर पेपर. त्याला तुटक दिसलं की तो मार्क तोडतो. यंदा धोका नको."

ती बरं म्हणून गेली. तिनं हट्ट केला असता तर, असं पुढे सरांना शंभरदा वाटलं. पण ती हट्ट करणाऱ्यातली नव्हती, आणि सरांचा शब्द खाली पडू देणारी तर नव्हतीच.

पौषात गावाला दुष्काळी काम लागलं. माळावर खडी फोडायचं. निम्मा वर्ग सकाळी तिकडे, दुपारी शाळेत, हाताला फोड घेऊन. आदल्या वर्षी दहा पोरं मराठीत नापास झाली होती, तीही निबंधात. आता तर चालून दाखवायला, दोरीखाली उभं करायला वेळच नव्हता. तेव्हा सरांनी एक केलं. एकोणीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. फळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या रंगानं, पुसता येणार नाही अशी एक ओळ रंगवून टाकली: प्रथमतः, शिवाय, त्याचप्रमाणे, परंतु, तरीही, कारण, त्यामुळे, सारांश. विषय कोणताही येवो, सांधे हेच आणि याच क्रमानं. प्रत्येक सांध्याला जोडून एक वळणाचं वाक्यही दिलं, "परंतु नाण्याला दुसरीही बाजू असते" वगैरे. आधी दोन पावलं पुढे, मग वळा, मग कारण सांगा, मग बसा. घाईच्या माणसाला दिलेली ही काठी होती. सरांना वाटलं, यंदापुरती.

पोरांनी ती ओळ चालीवर घेतली. हातोडा वर जाताना "शिवाय", खाली येताना "त्याचप्रमाणे". खडीवरचा मुकादम म्हणे, मास्तर, तुमची पोरं दगडाला मराठी शिकवाय लागलीत. सर हसले होते. त्या दिवसांत हसू येणं ही मोठी गोष्ट होती.

एकटा राधाकृष्ण तेवढा निसटला. तालमीतला गडी, वर्गात कमी, आखाड्यात जास्त. त्यानं हात जोडले. "सर, आठ जण आहेत हे. मी एका वेळी एकाशीच लढतो." सरांनी त्याचा नाद सोडला. नापास व्हायला एखादा लागतोच, असं म्हणाले.

मार्चमध्ये परीक्षा झाली. निबंधाला विषय आला दुष्काळाचाच. पोरं पेपर सुटल्यावर बोटं मोजत बाहेर आली. आठच्या आठ सांधे बसले होते, जागच्या जागी. सरांनी गूळ-शेंगदाणे वाटले. चांगुणाला त्यांनी विचारलं, तुझे? तिनं मान हलवली. बसले सर, म्हणाली. मग, शेवटी जरा जागा उरली होती, एवढं बोलली आणि गेली.

जूनमध्ये निकाल लागला. कर्जतहून वर्तमानपत्र आलं, सरांनी शाळेच्या पायरीवर ते उघडलं. एकतीस नंबर शोधायचे होते. एक सापडला. तो राधाकृष्णचा. तिसरा वर्ग, पण पास. त्यानं पेढे आणले होते. बाकीच्यांची तोंडं बघून पुडा तसाच सदऱ्याच्या आत घातला आणि तिथेच पायरीवर बसून राहिला.

चार दिवसांनी पत्र आलं. तीस उमेदवारांचे निकाल राखून ठेवले आहेत, निबंधांमध्ये असाधारण साम्य आढळले, परीक्षागृहात मजकूर सांगितला गेल्याचा संशय आहे. सरांनी ते पत्र वर्गात वाचलं. रिकाम्या वर्गात, उभ्यानं. वाचता वाचता मान वर गेली, आणि फळ्याच्या माथ्यावरची ती ओळ दिसली. कुणी काही सांगायची गरज उरली नाही. तीस पेपर, तीस जागी तोच वळसा, त्याच वळणावर तेच वाक्य. तपासणाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं, असं ते राहीबाईंना म्हणाले. वाचला तो एकटाच, ज्यानं आपलं ऐकलं नाही.

अध्यापिका विद्यालयाची यादी दहा जुलैला लागायची होती. गुणपत्रिका दाखवल्याशिवाय नाव घेत नव्हते. भीमा शाळेत आला. जयभीम केला, बाकावर बसला नाही, दारातच उभा राहिला. थांबायची त्याची तयारी होती. किती दिवस तेवढं एकदा सांगा, म्हणाला. सर म्हणाले, पंधरा दिवस. ते खरंच तसं समजत होते.

ते पुण्याला गेले. पिशवीत तीस जणांच्या वर्षभराच्या वह्या. परीक्षेच्या कचेरीत दोन दिवस बाकावर बसल्यावर एका वयस्क अधिकाऱ्यानं आत घेतलं. सरांनी सगळं सांगितलं, दोऱ्या, खडी, फळ्यावरची ओळ. वह्या पुढे ठेवल्या. अधिकाऱ्यानं पाच-सहा चाळल्या. पौषापर्यंत प्रत्येक वही वेगळी होती, पौषापासून सगळ्या एक.  मग त्यानं गठ्ठ्यातून एक पेपर काढला आणि शेवटचं पान सरांसमोर धरलं.

अक्षर चांगुणाचं. "सारांश, दुष्काळ हा मानवाची कसोटी पाहतो." इथं निबंध संपायचा होता, सगळ्यांचा इथंच संपला होता. त्याच्या खाली, उरलेल्या जागेत, दाटीनं लिहिलं होतं: "टँकर येतो. आई उठते. एक दिवस टँकर आला नाही. आई उठली."

खाली तपासणाऱ्यानं तांबड्या शाईनं रेघ ओढली होती.

"मी चाळीस वर्षं निबंध वाचतोय," अधिकारी म्हणाला. "वरची दोन पानं मी हजारदा वाचली आहेत. या ओळी मी कुठं वाचलेल्या नाहीत. ही मुलगी असं सबंध का लिहीत नाही?"

सर खुर्चीची कड धरून बसले. त्यांना म्हणायचं होतं की मी लिहू दिलं नाही. तोंडातून निघालं ते, साहेब, दहा जुलैच्या आत काही होईल का? अधिकाऱ्यानं मान हलवली. त्याचा स्वतःचा विश्वास बसला होता, पण एकट्याच्या विश्वासावर तीस निकाल सुटत नव्हते. समिती बसेल, मुलांना नगरला बोलावतील, समोर बसवून लिहायला लावतील.

सर परत आले. भीमाला पुन्हा सांगितलं, पंधरा दिवस. दहा जुलै आली आणि गेली. विद्यालयाच्या बाईंना सरांनी स्वतः जाऊन भेटून पाहिलं. त्या भल्या होत्या, त्यांनी जागा आठवडाभर धरून ठेवली. आठवडाही गेला. त्या वर्षी पाऊस चांगला लागला. माळ हिरवा झाला, खडीचं काम बंद पडलं. ज्यांना रानं होती ती रानात गेली. भीमाला रान नव्हतं.

श्रावणात नगरला चौकशी झाली. एका शाळेच्या मोठ्या खोलीत तीस मुलं लांब लांब बसवली. आत जाण्याआधी सरांनी सगळ्यांना व्हरांड्यात गोळा केलं आणि बजावलं की परीक्षेत लिहिलं तसंच आज लिहायचं. वेगळं लिहिलंत तर म्हणतील तेव्हाचं दुसऱ्याचं होतं. चांगुणा मागे थांबली. तिनं काही विचारलं नाही, नुसती बघत राहिली. दोऱ्यांबिगर लिहू का, हा प्रश्न सरांना ऐकू आला. "नको," ते म्हणाले. "आजच्या दिवस एक शब्द बदलू नकोस." दुसऱ्यांदा त्यांनी तिला त्याच ओळीत बसवलं.

विषय दिला होता "माझा आवडता सण". तीस मुलांनी लिहिलं. प्रथमतः, शिवाय, त्याचप्रमाणे. परंतु नाण्याला दुसरीही बाजू असते. समितीतला एक जण वाचता वाचता हसू आवरेना म्हणून खिडकीशी जाऊन उभा राहिला. तो वयस्क अधिकारी सरांना बाहेर घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "मुलं निर्दोष आहेत, मास्तर. हे आता सिद्ध झालं. तुमचं तुम्ही बघा."

निकाल सुटायला कार्तिक उजाडला. गुणपत्रिकांचा लिफाफा शाळेत आला तेव्हा तिसापैकी चोवीस पास होते, आणि चांगुणा केंद्रात पहिली. सर तिची गुणपत्रिका घेऊन वस्तीवर गेले. भीमाच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या कडूबाईनं सांगितलं, "गेली की ती समदी राहात्याकडं, उसाला. चांगुणाचं लगीन लावलं अन् दुसऱ्या दिशी गेली. तुमची लई वाट बघितली त्यांनी, सर."

सूर्यभान सरांनी पुढे नऊ वर्षं शिकवलं. फळ्यावरची ओळ त्यांनी त्याच आठवड्यात पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढली. फळ्याचा माथा कायमचा ओरबाडलेला राहिला. दोऱ्या राहिल्या. पण आता दिवाळीपर्यंत कुणी दोरीकडे बघायचं नाही असा नियम झाला. आधी सांगायचं आहे ते लिहा, मोकळं, तुटक, कसंही. मग वाचा. जिथं वाचणारा अडखळेल तिथंच सांधा घाला, नाहीतर राहू द्या. त्या वर्गांतली पोरं छान लिहीत, असं जुने लोक अजून सांगतात. मात्र सर आता चालून दाखवत नसत. बसून सांगत.

ते सगळं नंतरचं. आधी एक प्रवेश राहिला आहे.

लिफाफा मिळाला त्याच्या तिसऱ्या दिवशी सर एस.टी.नं नगरला, तिथून राहात्याला गेले. ऊसतोडीचा तळ शोधायला दुपार झाली. ओढ्याच्या काठानं उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोप्या, बाहेर तीन दगडांच्या चुली, बैल, धूर. गीताबाई भांडी घासत होती. सरांना बघून ती उठली, पदर सारखा केला आणि उसाच्या फडाकडे हात केला. मग तिनं एवढंच म्हटलं, "वसतिगृहात जागा मिळाली असती तर ठेवली असती हो. तरनी पोर, एकटी कुटं ठिवायची मागं?"

चांगुणा मोळी डोक्यावर घेऊन आली. हातात हिरव्या बांगड्या, हातभर पाचटाचे ओरखडे. मोळी गाडीपाशी टाकली, सरांना पाहिलं, आणि जयभीम सर म्हणून नेहमीसारखी, वर्गात उभी राहायची तशी उभी राहिली. सरांनी लिफाफा दिला. तिनं हात लुगड्याला पुसले, गुणपत्रिका बाहेर काढली, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली.

"पयली आले व्हय मी?"

"केंद्रात."

"मराठीत किती कमी पडले हो, सर. मला वाटलं हुतं जास्त मिळतील."

 पुढच्या जूनला पुन्हा यादी लागेल, सर म्हणाले. मी येईन, तुझ्या घरच्यांशी बोलेन. तिनं गाडीजवळ उभ्या असलेल्या एका तरुण माणसाकडे बघितलं, जो इकडेच बघत होता आणि कोयता हातात उगाच फिरवत होता. मग तिनं कागदाची बारीक घडी घातली. आईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवते, म्हणाली, उंदरं लई आहेत इथं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना सोपं गेलं असतं.

मुकादमानं हाक दिली. ती वळली, दोन पावलं गेली. सरांनी तिला थांबवलं. वाटेत सबंध प्रवासभर त्यांनी वाक्य जुळवत आणलं होतं. त्यात खडी होती, दहा नापास पोरं होती, अपुरा वेळ होता, समिती होती, सगळं खरं होतं, सगळं जागच्या जागी.

"चांगुणा, माझं चुकलं, पण..."

ती उन्हात उभी राहून ऐकत होती. शिष्येनं ऐकावं तसं, पलीकडे काय येतं त्याची वाट बघत. सरांना दिसलं की आपण काय खाली ठेवतो आहोत आणि काय उचलून तिच्या हातात देणार आहोत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ओठ थोडे हलले. मग एकोणीस वर्षं एकतीस-एकतीस पोरांना सांधे शिकवलेला तो माणूस पुन्हा पहिल्यापासून बोलला, आणि बोलला ते एवढंच.

"माझं चुकलं."